साडेचारची सावली

समजा, डिसेंबरात एक फोटो तुमच्या फोनवर येतो. सोबत एकच ओळ आहे : ‘पुणे, 22 डिसेंबर, दुपारचे साडेचार. लक्ष्मी रस्ता कडकडीत बंद.’ फोटोत दुकानांची शटरं ओळीनं खाली ओढलेली आहेत. एका दुकानाच्या दर्शनी भिंतीवर गोल घड्याळ आहे आणि ते साडेचार दाखवतंय. पदपथावर ‘नो पार्किंग’ची लोखंडी पाटी उभी आहे आणि फरश्यांवर तिची सावली पडली आहे.

घड्याळ मजकुराला दुजोरा देतं, शटरंही देतात. पुढे पाठवायला आणखी काय हवं? पण फोटोत तिसरा साक्षीदारही आहे, आणि त्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही. तो म्हणजे पाटीची सावली. त्या दिवशी, त्या ठिकाणी, त्या वेळी सूर्य आकाशात नेमका कुठे होता, हे ती सांगते. तेही मोजपट्टीनं मोजता येईल इतक्या स्पष्टपणे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस रस्त्यानं चालताना खालीच बघत होतो.

तिघांची तपासणी एकेक करून करू.

घड्याळाला काय विचारायचं

पहिला प्रश्न असा की हे घड्याळ चालू तरी आहे का? साडेचार वाजता मिनिटकाटा सहावर असतो आणि तासकाटा चार आणि पाच यांच्या बरोबर मध्ये. तासकाटा नेमका चारावर किंवा पाचावर टेकलेला असेल, तर काटे निसटलेले आहेत किंवा ते चित्रातलं घड्याळ आहे. आपल्या फोटोत काटे अगदी जागच्या जागी आहेत. पण त्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही, कारण बंद पडलेल्या घड्याळाचे काटेही एकमेकांशी जुळलेलेच असतात. सेल संपला त्या क्षणी ते थांबले, एवढंच. त्याच जागेचा दुसरा फोटो किंवा चार सेकंदांचा व्हिडिओ मिळाला तरच हे उघड होतं. सेल संपत आलेल्या घड्याळाचा सेकंदकाटा एकाच जागी थरथरत राहतो.

घड्याळांच्या दुकानाची काच फोटोत असेल, तर तिथल्या काट्यांवर मुळीच विसंबू नये. विकायला मांडलेली घड्याळं बहुधा दहा वाजून दहा मिनिटं दाखवतात, कारण त्या मांडणीत बनवणाऱ्याचं नाव काट्यांमागे झाकलं जात नाही.

दुसरा धोका आरशाचा. सेल्फी कॅमेऱ्यानं काढलेला किंवा मुद्दाम उलटवलेला फोटो घड्याळही उलटवतो. आरशातली वेळ ओळखणं सोपं आहे : दिसते ती वेळ बारातून वजा करायची. साडेचारचे साडेसात होतात. उलटा फोटो ओळखायला दुकानाची पाटी वाचावी. पण देवनागरी इथे जरा फसवते. आरशातही शिरोरेखा वरच राहते, त्यामुळे लांबून पाहिलेली पाटी सरळच वाटते. एकेक अक्षर वाचायला लागलं की चूक समजते. आपल्या फोटोतल्या पाट्या नीट वाचता येतात. म्हणजे फोटो उलटवलेला नाही. ही नोंद लक्षात ठेवू, पुढे लागेल.

सावलीचं माप

आता खाली बघू. पाटीची उंची तीन फरश्यांएवढी आहे, आणि सावलीही तीन फरश्या लांब पडली आहे. वस्तू आणि तिची सावली सारखीच लांब असेल, तर सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर असतो. शाळेतल्या काटकोन त्रिकोणाइतकीच ही साधी गोष्ट आहे.

22 डिसेंबरला पुण्यात सूर्य 45 अंशांवर कधी असतो?

पुणे विषुववृत्ताच्या साधारण साडेअठरा अंश उत्तरेला आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या जवळजवळ साडेतेवीस अंश दक्षिणेला जातो. म्हणजे भर माध्यान्हीला तो पुणेकरांच्या डोक्यापासून 42 अंश दक्षिणेकडे कललेला असतो आणि क्षितिजापासून 48 अंश वर. त्या दिवशी सूर्याची पुण्यातली कमाल उंची हीच. आपल्या फोटोतला सूर्य 45 अंशांवर आहे, म्हणजे त्या कमाल उंचीपासून फक्त तीन अंश खाली. फोटो माध्यान्हीच्या आसपासचा आहे, हे इथेच कळून चुकतं. साडेचार वाजेपर्यंत सूर्य सुमारे 19 अंशांपर्यंत उतरलेला असतो आणि सावली वस्तूच्या जवळजवळ तिप्पट होते. आपली पाटी तेव्हा तीनऐवजी नऊ फरश्यांची सावली टाकत असती.

पण थांबा. माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत.

भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे. पुणे 73.9 अंशांवर म्हणजे त्या रेषेच्या साडेआठ अंशांहून थोडं जास्त पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून सूर्य पुण्याच्या मध्यान्हरेषेवर सरासरी 34–35 मिनिटं उशिरा पोचतो. 22 डिसेंबरला पुण्याची खरी माध्यान्ह होते ती 12 वाजून 33 मिनिटांनी. त्याच दिवशी कोलकात्यात ती 11 वाजून 35 मिनिटांनी होऊन गेलेली असते. दोन्ही शहरांच्या घड्याळांत वेळ एकच असते, पण त्यांच्या सूर्यांमध्ये जवळजवळ तासाचं अंतर असतं. म्हणूनच त्या दिवशी कोलकात्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पुण्यात सहा वाजून गेल्यावर.

आता हिशेब पुरा करू. कमाल उंचीपासून तीन अंश खाली यायला त्या दिवशी सूर्याला सुमारे 67 मिनिटं लागतात. माध्यान्हीआधी 67 मिनिटं म्हणजे 11 वाजून 26–27 मिनिटं, आणि माध्यान्हीनंतर 67 मिनिटं म्हणजे 1 वाजून 40 मिनिटं. सावलीच्या लांबीनं आपल्याला दोन वेळा दिल्या. सकाळची की दुपारची, हे लांबीला सांगता येत नाही.

सावलीची दिशा

ते दिशा सांगते. लक्ष्मी रस्ता साधारण पूर्व-पश्चिम आहे. नकाशा उघडून फोटोतली बाजू ओळखली की पदपथाची कडच आपली दिशारेषा होते. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच असतो, त्यामुळे ऊन मिळतं ते रस्त्याच्या उत्तर बाजूच्या, दक्षिणेकडे तोंड केलेल्या दुकानांना. आपली पाटी त्याच बाजूला आहे. तिची सावली दुकानांच्या दिशेनं, म्हणजे उत्तरेकडे पडली आहे आणि थोडी पूर्वेला कलली आहे. हा कल उत्तरेपासून सुमारे 22 अंशांचा. सावली पूर्वेला कलली म्हणजे सूर्य पश्चिमेला सरकला होता. सकाळी साडेअकराला ती तेवढ्याच अंशांनी पश्चिमेला कलली असती.

मघाची आरशाची नोंद इथे कामी येते. फोटो उलटवला असता, तर दुपारची सावली सकाळची झाली असती आणि 1:40 चे 11:27 झाले असते. पाट्या सरळ वाचता येतात, म्हणून दुपार पक्की.

दिशा मोजण्याचं आणखी एक कारण आहे, आणि या विद्येतली सगळ्यात नाजूक गोष्ट तीच. माध्यान्हीच्या आसपास सूर्याची उंची फार हळू बदलते. फरश्या मोजताना आपली दहा टक्के चूक झाली असं धरू. फोटो तिरका असतो, जवळच्या वस्तू मोठ्या दिसतात, त्यामुळे एवढी चूक सहज होते. तेवढ्याशा चुकीनं उत्तर साडेबारापासून दोन वाजून पाच मिनिटांपर्यंत कुठेही जाऊ शकतं. दिशा मात्र त्याच वेळी भराभर फिरते : तीन मिनिटांत सुमारे एक अंश. दिशा पाच अंश चुकली, तरी वेळेत फरक पडतो तो पंधरा मिनिटांचा. संध्याकाळी हे उलटं होतं. सावली झपाट्यानं लांबत जाते आणि तेव्हा लांबीवर जास्त विश्वास ठेवता येतो. म्हणून माध्यान्हीला दिशा बघावी आणि संध्याकाळी लांबी.

तेव्हा आपलं प्रामाणिक उत्तर ‘1 वाजून 40 मिनिटं’ असं नाही. ते ‘साधारण दीड ते दोनच्या दरम्यान’ असं आहे. पण साडेचार त्यात कुठेच बसत नाही.

आणखी एक ताळा आहे आणि त्याला मापाची गरज नाही. 22 डिसेंबरला साडेचार वाजता सूर्य इतका खाली असतो की दहा मीटर उंच इमारतीची सावली रस्त्यावर आडवी सोळा मीटरपर्यंत जाते. रस्ता बारा मीटर रुंद धरला, तर दक्षिणेकडच्या इमारती सगळा रस्ता झाकून समोरच्या दुकानांच्या पायाशी जाऊन पोचतात. म्हणजे त्या वेळी उत्तरेकडच्या पदपथावर ऊन उरतच नाही. आणि आपल्या फोटोत तिथेच लख्ख ऊन पडलंय. दुपारी 1:40 ला तीच सावली नऊ मीटरवर थांबते आणि पलीकडच्या काठाला उन्हाची एक पट्टी राहते. पाटी त्याच पट्टीत उभी आहे.

शटरं पुन्हा वाचताना

सावलीनं वेळ बदलली आणि शटरांचा अर्थही बदलला. दुपारी साडेचारला ओळीनं शटरं खाली असतील, तर काहीतरी घडलं असणार. पण पुण्याच्या पेठांत दुपारी पावणेदोनला बरीच शटरं खाली असतील, तर काहीच घडलेलं नाही. दुकानदार जेवून वामकुक्षी घेतोय. ‘दुपारी 1 ते 4 बंद’ ही पाटी पुण्यानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. गोव्यातल्या बाजारांतही दुपारची ही विश्रांती अजून दिसते. ज्या गोष्टीमुळे फोटो खरा वाटत होता, तिच्यामुळेच आता तो उघडा पडतो.

पण या साक्षीदारालाही उलट विचारायला हवं. सगळी दुकानं दुपारी मिटत नाहीत. काचेची मोठी दालनं, औषधांची दुकानं, खानावळी दुपारीही चालू असतात. त्यामुळे किती शटरं खाली आहेत, यापेक्षा कोणती खाली आहेत हे जास्त बोलकं असतं. बंदच्या दिवशी काचेची दालनंच आधी मिटतात, कारण फुटायची काच त्यांचीच असते. वामकुक्षीच्या वेळी ती उघडी असतात आणि शेजारचं मालकानं स्वतः चालवलेलं छोटं दुकान मिटलेलं असतं. आपल्या फोटोत कडेला औषधाचं दुकान उघडं आहे. पण ते बंदमध्येही उघडंच असतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. त्याच्या पलीकडे मात्र कपड्यांचं एक मोठं दालन आहे आणि त्याचं काचेचं दार सताड उघडं आहे. त्यावरून ठरतं.

दुकानाच्या वेळा इंटरनेटवर पाहताना एक सावधगिरी हवी. तिथे असतात त्या आजच्या आणि नेहमीच्या वेळा. साप्ताहिक सुट्टी, सणावाराची गर्दी, दिवाळीतले लांबलेले तास, लग्नसराई, यांतलं काहीच तिथे नसतं. दारावर टांगलेल्या पाटीवर जास्त भरवसा ठेवावा, आणि तीही फोटोच्याच काळातली असावी.

आता तिघांना एकत्र उभं करू. सावली म्हणते, दीड ते दोनच्या दरम्यान. कोणती दुकानं उघडी आणि कोणती मिटलेली, ते पाहता वामकुक्षीची वेळ. साडेचारवर ठाम आहे ते एकटं घड्याळ. त्याचा सेल संपलेला असणार.

तिघांचं ऐकण्यात एवढा जोर येतो कुठून? तिघं चुकतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. घड्याळ यंत्रामुळे चुकतं, शटर माणसाच्या सवयीमुळे, आणि सावलीचं माप आपल्या डोळ्यांमुळे. तिघांची एकाच दिशेनं, एकाच मापाची चूक होणं फार अवघड आहे. त्यामुळे ते जुळले तर ती साक्ष मजबूत असते, आणि जुळले नाहीत तर कोण आणि का चुकतंय, हेही त्यातूनच कळतं.

सावली काय सांगू शकत नाही

सावलीला सगळं माहीत असतं, असं मात्र समजू नये. आपण ‘पुणे’ आणि ‘22 डिसेंबर’ हे गृहीत धरून वेळ काढली. गावच माहीत नसतं तर? एका क्षणी सूर्य पृथ्वीवरच्या एका बिंदूच्या बरोबर माथ्यावर असतो. त्या बिंदूभोवती एक प्रचंड वर्तुळ काढलं, तर वर्तुळावरच्या प्रत्येक गावी त्या क्षणी सूर्य तेवढ्याच उंचीवर असतो. 45 अंशांच्या सावलीचं वर्तुळ माथ्यावरच्या बिंदूपासून पाच हजार किलोमीटरवरून जातं. म्हणून सावलीची लांबी ‘हे पुणे आहे’ असं कधीच म्हणत नाही. ती म्हणते, ‘हे पुणे असायला माझी हरकत नाही’ किंवा ‘हे पुणे असूच शकत नाही.’ दुसरं वाक्य ती अगदी ठामपणे म्हणू शकते, आणि तपासणीत खरं मोल त्याचंच.

तारखेचंही तसंच आहे. डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य दक्षिण टोकाशी रेंगाळतो. त्या महिन्याभरात त्याची जागा जेमतेम एका अंशानं बदलते. 22 डिसेंबर की 28, हे लोखंडी पाटीच्या सावलीवरून कुणालाही सांगता येणार नाही. शिवाय सूर्य वर्षातून दोनदा त्याच उंचीवरून जातो, एकदा जाताना आणि एकदा येताना. 22 ऑक्टोबरची माध्यान्हीची सावली आणि 20 फेब्रुवारीची माध्यान्हीची सावली पुण्यात सारखीच असते.

आणि इथेच घड्याळ पुन्हा उपयोगी पडतं. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढे-मागे धावतो. 22 ऑक्टोबरला पुण्याची माध्यान्ह 12 वाजून 19 मिनिटांनी होते, 20 फेब्रुवारीला 12 वाजून 48 मिनिटांनी. सावली तीच, पण घड्याळात एकोणतीस मिनिटांचा फरक. चालू आणि बरोबर असलेलं घड्याळ त्या सावलीशेजारी सापडलं, तर नुसत्या सावलीला न सुटणारं कोडं सुटतं : ऑक्टोबर की फेब्रुवारी. ज्या घड्याळाला आपण मघाशी बाद केलं, त्याच्याच जातीचं दुसरं घड्याळ सूर्याला मदत करतं. मला यात फार मोठं आश्चर्य वाटतं.

महाराष्ट्रात दिशाही कधी कधी तारीख सांगते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्याच्या माध्यान्हीला सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. त्या काळाच्या दोन टोकांना शून्य सावलीचे दिवस येतात. माध्यान्हीची दक्षिणेकडे पडलेली आखूड सावली दिसली, की फोटो त्या अडीच महिन्यांतलाच असतो. मजकुरात ‘डिसेंबर’ लिहिलं असेल, तर फरश्या मोजायचीही गरज उरत नाही.

जुन्या फोटोतली एकोणचाळीस मिनिटं

जुन्या मुंबईचा फोटो हाती आला, तर आधी विचारायचं की हे घड्याळ कुणाच्या वेळेवर चालतं. भारतीय प्रमाणवेळ 1906 साली लागू झाली. पण मुंबईचा स्वतःचा सूर्य प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे आहे, आणि शहरानं त्या सूर्याची वेळ, म्हणजे ‘मुंबई टाइम’, सहजासहजी सोडली नाही. महापालिकेनं ती 1955 पर्यंत चालवली. त्याआधी एकोणिसाव्या शतकात रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेवर चालत आणि शहर मुंबईच्या. एकाच शहरात, एकाच क्षणी, दोन बरोबर घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945, देशाची वेळच एक तास पुढे ढकलली होती.

त्या काळच्या फोटोत मनोऱ्यावरच्या घड्याळात आणि सावलीत 39 मिनिटांचा फरक आला, म्हणून घड्याळ बिघडलेलं ठरत नाही. हिशेबात आपण चुकीची वेळ धरलेली असते. आणि उलट बाजूनं, नीट पडलेली एक सावली आपल्याला सांगू शकते की तो मनोरा त्या दिवशी कुणाची वेळ मानत होता.

हे स्वतः करून बघायचं असेल, तर `suncalc.org` वर आपलं गाव, तारीख आणि वेळ घाला. सूर्याची उंची, दिशा आणि सावलीची लांबी समोर येते. पण त्याआधी एकदा अंगणात एक सरळ काठी रोवा, चालू घड्याळ शेजारी ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करा. सगळ्यात आखूड सावलीची खूण कधी पडली ते बघा. पुण्यात ती बाराला पडणार नाही. तारीख माहीत असली, तर त्या जास्तीच्या मिनिटांत तुमच्या गावचा रेखांश आहे, आणि त्या सर्वांत आखूड सावलीच्या लांबीत अक्षांश. फोटोतली लोखंडी पाटी हेच सांगत होती. फक्त तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.